पोहून आलं की चेहरा ओढतो, तिसऱ्या दिवशी पापुद्रे सुटतात: दोष क्लोरीनचा की नंतरच्या धुण्याचा?

माझ्या बहिणीचा मुलगा परभणीत आमच्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करतो. धावून धावून गुडघा दुखायला लागला, तेव्हा त्याच्या सरांनी आठवड्यातले पाच दिवस पोहायला सांगितलं. तिथून हे चक्र सुरू झालं. सोमवारी तलावातून बाहेर आला की पंधरा मिनिटांत चेहरा ओढल्यासारखा व्हायचा. मंगळवारी गालांवर चरचर. बुधवारी नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर पांढरे पापुद्रे. गुरुवारी सनस्क्रीन लावलं की डोळ्यांत पाणी येईल एवढी आग. शनिवार-रविवार सुट्टी मिळाली की सगळं निवळायचं आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

"मावशे, मला क्लोरीनची ॲलर्जी हाय," असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. "विहिरीत लहानपणापासून पोहतो, तिथं कधी काय झालं नाही. तलावातच कामून होतंय मग?"

माझं औषधाचं दुकान आहे. उन्हाळ्यात हीच तक्रार घेऊन येणारी माणसं मला रोज भेटतात आणि बहुतेक जण हेच निदान करून येतात. त्याच्या प्रश्नातच उत्तर होतं, फक्त ते त्याला वाटत होतं त्या दिशेला नव्हतं. त्याच्या आजोळची विहीर जिंतूरकडची, पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. त्या पाण्यात तासन्‌तास डुंबून चेहरा शाबूत राहायचा. मी त्याला एवढंच विचारलं, "विहिरीतून वर आल्यावर तू काय करायचास?" तो म्हणाला, "काय नाय, अंग पुसून घरी. आजी तेल लावायची." आणि तलावावर? तिथं शॉवरखाली अंगाच्या साबणानं चेहरा, घरी आल्यावर मुरुमांसाठी आणलेला सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, संध्याकाळी जिममधून आला की पुन्हा तोच फेसवॉश. दिवसात तीन धुण्या, तिन्ही बोअरच्या पाण्यानं.

आधी नेमकं काय होतं ते

पोहण्याच्या तलावात साधारण लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात. नळाच्या पिण्याच्या पाण्यात ते ०.२ च्या आसपास असलं तरी पुरतं. म्हणजे तलावातलं क्लोरीन निदान पाचपट तरी असतं. अर्धा-पाऊण तास त्या पाण्यात राहिलं की त्वचेचा सगळ्यात वरचा थर पाणी पिऊन फुगतो आणि त्याच्या पेशींना धरून ठेवणारा नैसर्गिक स्निग्धपणा थोडा थोडा धुतला जातो. बाहेर आल्यावर ते पाणी उडून जातं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा अशी कोरडीठाक असते की ओला टॉवेल बघता बघता वाळतो, तर चेहऱ्याचं काय. जाताना ते पाणी त्वचेतला ओलावाही घेऊन जातं. पहिल्या पंधरा मिनिटांत चेहरा ओढतो तो यामुळे, आणि एवढंच असेल तर दोन-तीन तासांत त्वचा स्वतःला सावरते.

सावरू देत नाही तो साबण. चेहऱ्याची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच पाचच्या आसपास. अंगाच्या साबणाचा पीएच नऊ-दहा. त्यात बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चोथा तयार करतात. बादलीच्या कडेला जो चिकट पांढरा थर धरतो, तो हाच. तो चेहऱ्यावरही बसतो, कितीही पाणी मारलं तरी पूर्ण जात नाही आणि आधीच उघड्या पडलेल्या त्वचेला दिवसभर टोचत राहतो. फेसवॉश साबणापेक्षा बरा, पण खूप फेस देणारे फेसवॉशही जड पाण्यात त्वचेवर जास्त मागे राहतात.

विहिरीचं पाणी जड होतं, पण साबण नव्हता. नुसतं जड पाणी चेहऱ्याचं फारसं बिघडवत नाही. जड पाणी, साबण आणि नुकतीच क्लोरीनमधून बाहेर आलेली त्वचा हे तिघं एकत्र आले की बिघडतं.

आपलं पाणी किती जड आहे हे घरी कळतं. पारदर्शक बाटली अर्धी भरायची, साबणाचा छोटा कीस टाकून अर्धा मिनिट जोरात हलवायची. फेस वर टिकून राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं तर पाणी मऊ. फेस नाममात्र, पाणी दुधट आणि वर दह्यासारखे कण, तर पाणी जड. आमच्या बोअरच्या पाण्याचं दही झालं. फिल्टरच्या पाण्याला भरघोस फेस आला.

अर्ध्या चेहऱ्याची परीक्षा

तरीही माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही पाच दिवसांची परीक्षा ठरवली. एकाच वेळी सगळं बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही, म्हणून दोन गालांना दोन न्याय. उजवा गाल नेहमीसारखा: साबण, फेसवॉश, बोअरचं पाणी. डावा गाल पोहून झाल्यावर फक्त साध्या पाण्यानं, आणि शेवटी घरून नेलेल्या फिल्टरच्या पाण्यानं धुवायचा. दोन्ही गालांना क्रीम तेच आणि तेवढंच.

दुसऱ्या दिवशी फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी उजव्या गालावर पापुद्रे धरले, डावा नुसता थोडा ओढत होता. पाचव्या दिवशी उजवीकडे सनस्क्रीन लावल्यावर आग झाली, डावीकडे नाही. तलाव तोच, क्लोरीन तेच, पोहणारा तोच. ॲलर्जी असती तर ती गाल बघून आली नसती.

तुम्हाला खात्री करायची असेल तर हीच पद्धत वापरा. दोन्ही गाल सारखेच बिघडले तर दोष धुण्यात नाही, तो पाण्यात किंवा आणखी कशात तरी आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आता क्रम कसा लावला

त्याचा दिवस पहाटे पाचला मैदानावर सुरू होतो. हलकं धावणं, थोडा व्यायाम, आणि सव्वासहाला तलाव. आधी तो घाम आणि मैदानावरची धूळ घेऊन तसाच पाण्यात उतरायचा. ही त्याची एकट्याची नाही, बहुतेकांची चूक. घामातली युरिया आणि अमोनिया क्लोरीनशी मिळून क्लोरामाइन तयार करतात. तलावावर नाकात जाणारा, डोळे झोंबवणारा तो उग्र वास क्लोरामाइनचा असतो. वास जास्त म्हणजे पाणी जास्त स्वच्छ, असा समज आहे, पण खरं त्याच्या उलट आहे. म्हणून उतरण्याआधी मिनिटभर शॉवरखाली उभं राहायचं, डोकं आणि चेहरा पूर्ण भिजवायचा, साबण न लावता. घाम जातो. शिवाय त्वचा आणि केस आधीच साध्या पाण्यानं भरलेले असले की तलावाचं पाणी कमी पितात.

मग चेहरा टिपून हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली दोन्ही गाल, नाकाच्या बाजू आणि हनुवटीवर अगदी पातळ पसरायची. हा बदल आम्ही दुसऱ्या आठवड्यात केला आणि डाव्या गालाचा उरलेला ओढलेपणा त्यानं गेला. कपाळावर लावायची नाही, तिथं घाम अडकून पुरळ येतं. डोळ्यांभोवतीही नाही, गॉगल घसरतो आणि पाणी आत येतं.

बाहेर आल्यावर टॉवेल घेण्याआधी पाणी. शॉवरखाली अर्धा-एक मिनिट चेहरा धरायचा, हातानं घासायचं नाही. तलावावरचा शॉवर बहुधा बोअरचाच असतो. असू दे, साबण नाही तर चालतो. शेवटी घरून नेलेल्या बाटलीतलं फिल्टरचं पाणी ओंजळीनं दोन-तीनदा, सगळं मिळून अर्धा लिटर. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या मराठवाड्यात राहून चेहऱ्यासाठी बादलीभर फिल्टरचं पाणी ओता असं मी कुणाला सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. इथं एक सावधगिरी हवी. आरओ फिल्टरमधून बाजूला निघणारं पाणी बरेच जण बादलीत धरून ठेवतात. ते फरशी पुसायला चांगलं, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. चेहऱ्याला ते वापरायचं नाही.

त्यानंतर मऊ कापडानं टिपायचं. घासायचं नाही, आणि जिममध्ये घाम पुसलेला नॅपकीन तर मुळीच नाही. चेहरा थोडा दमट असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं. क्रीम निवडताना डब्यावर ग्लिसरीन आणि सिरॅमाइड, किंवा ग्लिसरीन आणि डायमेथिकोन अशी जोडी बघते मी. ग्लिसरीन पाणी धरतं, दुसरा घटक त्यावर झाकण घालतो. नुसतं ग्लिसरीन बाटलीतून ओतून लावणारे गिऱ्हाईक माझ्याकडे बरेच येतात. आपल्या उन्हाळ्याच्या हवेत त्याला धरायला ओलावाच मिळत नाही, ते चिकट राहतं आणि धूळ ओढून घेतं. युरियाचं दहा टक्क्यांचं क्रीम टाचांना उत्तम, पण उललेल्या गालावर आग करतं.

सुगंध नसलेलं क्रीम घ्या. वासाचं क्रीम एरवी सोसतं, अशा दिवसांत झोंबतं.

सनस्क्रीन कधी, किती, पुन्हा कधी

पहाटे पाचला धावायला जाताना लागत नाही. सव्वासहा ते सातच्या बॅचलाही नाही. सातनंतर तलावातून निघताना क्रीम लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन लांब रेघा निघतील एवढं सनस्क्रीन चेहरा आणि मानेला. जेलीचा थर राहिला असेल तर तो आधी ओल्या कापडानं टिपून घ्यायचा, नाहीतर सनस्क्रीन वरच्यावर सरकतं.

तो दिवसभर अभ्यासिकेत बसतो. आत असताना पुन्हा लावण्याची गरज नाही. दुपारी एकला जेवायला सायकलवर घरी येतो, तेव्हा चेहऱ्यावर घामाचं मीठ असतं. त्याच्यावरच सनस्क्रीन थापलं की ते मीठ आणि क्रीम मिळून चरचर करतं. आधी ओल्या रुमालानं टिपायचं, वाळू द्यायचं, मग लावायचं. डोक्याला टोपी, चेहऱ्यावर सुती गमछा हे वर आहेच. गमछा मात्र रोज धुतलेला पाहिजे.

आग होत असेल त्या दोन आठवड्यांत झिंक ऑक्साइडवाली सनस्क्रीन घ्या. थोडी पांढुरकी दिसते, पण झोंबत नाही. आणि ज्यांची मुलं सुट्टीत सकाळी दहाला किंवा दुपारी चारला उघड्या तलावात उतरतात, त्यांनी जेलीऐवजी पाण्यात टिकणारी सनस्क्रीन उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायची. पाण्यात ती ४० मिनिटं टिकते की ८०, हे डब्यावर छापलेलं असतं. तेवढा वेळ झाला की बाहेर काढून पुन्हा लावायची, आणि टॉवेलनं पुसलं असेल तर वेळ न बघता लावायची.

जिमनंतर आणि रात्री

संध्याकाळी जिममधून आल्यावर नुसत्या पाण्यानं चेहरा धुतला की घाम आणि मीठ निघून जातं. त्याला साबण लागत नाही. दिवसातली खरी धुणी एकच, रात्रीची, कारण सनस्क्रीन आणि जेली नुसत्या पाण्यानं जात नाहीत. त्यासाठी साबणविरहित, कमी फेसाचं क्लेन्झर वाटाण्याएवढं, आणि पुन्हा क्रीम.

मुरुमांचा सॅलिसिलिक फेसवॉश मी दोन आठवडे पूर्ण बंद केला. नंतर पोहण्याची सुट्टी असेल त्या दोन दिवशी, रात्री एकदाच. तुम्ही ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर तेही पापुद्रे जाईपर्यंत थांबवा. डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांना विचारून. पुन्हा सुरू करताना पोहण्याच्या आदल्या रात्री नको.

घरगुती उपायांत लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारतं, हे रसायनाच्या दृष्टीनं खरं आहे. पण क्लोरीन पाण्यानंच निघून जातं, आणि लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली की भाजल्यासारखे काळे डाग पडतात. डाळीचं पीठ आणि मुलतानी माती उरलासुरला स्निग्धपणाही ओढून घेतात. ती एरवी लावा, पापुद्रे सुटलेले असताना नाही.

दोन्ही गाल बिघडले तर

मग तलावावर विचारा की पावडर कधी टाकतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच वापरतात. ती रात्री टाकून पाणी फिरवलं असेल तर सकाळपर्यंत बसते. पहाटेच्या बॅचच्या तोंडावर टाकली तर तिच्यानं पाण्याचा पीएचही चढतो आणि पहिल्या बॅचला सगळ्यात जास्त झोंबतं. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस जी ओटी चाचणी करतो, तीच इथंही होते: नमुन्यात थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, जेवढं गडद तेवढं क्लोरीन जास्त. पिवळ्याच्या पलीकडे नारिंगी दिसलं तर त्या दिवशी उतरू नका. त्यासोबत पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आहे का तेही बघायला सांगा. नोंदवही ठेवणारा माणूस ती दाखवायला कचरत नाही.

पाणीही ठीक असेल तर चेहराच नीट बघायचा. पापुद्रे पिवळसर, तेलकट, नाकाच्या खोबणीत आणि भुवयांत असतील, डोक्यात कोंडाही असेल आणि आठवडाभर पोहणं थांबवूनही जात नसतील, तर तो कोरडेपणा नाही. तो कोंड्याचाच चेहऱ्यावरचा प्रकार आहे. त्यावर कितीही क्रीम लावलं तरी तो हटत नाही, बुरशीविरोधी औषध लागतं. कपाळावर, केसांच्या कडेला एकाच मापाचे, खाजणारे बारीक पुरळ असतील तर ते घामाचे आणि तेलाचे. तिथं क्रीम आणि खोबरेल दोन्ही कमी करायचं आणि व्यायाम झाल्यावर घामट टोपी, हेडबँड लगेच काढायचं. लाली फक्त गॉगलच्या रबराखाली, कडेकडेनं गोल असेल, तर ती रबराची. तिथं गॉगलचा प्रकार बदलून बघायचा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. खाज, बुरशी, गोरेपणा या सगळ्यांवर चालणारी म्हणून जी ट्यूब घरोघर फिरते, ती चेहऱ्याला लावू नका. तिच्यात बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं. दोन दिवसांत चेहरा गुळगुळीत होतो, म्हणून माणसं ती महिनोन्‌महिने लावतात. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ उठतं आणि ट्यूब थांबवली की पहिल्यापेक्षा जास्त आग होते. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. पोहण्यानं उललेल्या चेहऱ्यासाठी ती मागायला आलेल्या किती तरी मुलांना मी परत पाठवलं आहे.

पापण्या सुजल्या, चेहऱ्यातून पाणी सुटलं, अंगावर गांधी उठल्या किंवा हे सगळं नीट पाळूनही दोन आठवड्यांत लाली गेली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पोहताना श्वास घ्यायला जड जात असेल तर आधी बाहेर या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

भाच्याचे पापुद्रे नव्या क्रमाच्या आठव्या दिवशी थांबले. सनस्क्रीनची आग जायला मात्र सतरा दिवस लागले. मधल्या एका शुक्रवारी बाटली घरी विसरला, तलावावर मित्राचा साबण घेतला आणि शनिवारी उजवी-डावी दोन्ही बाजू पुन्हा पांढरी झाली. तेव्हापासून अर्ध्या लिटरची ती बाटली तो रात्रीच भरून पोहण्याच्या पिशवीत, गॉगलच्या डबीशेजारी ठेवतो.